काचेचं रेलिंग आणि एक पत्र

"लोखंडी रेलिंग नको, काचेचं करा. पाच मिनिटांचं तर काम आहे." बिल्डरसाहेबांचा हा निरोप रात्री साडेदहाला व्हॉट्सअ‍ॅपवर आला आणि खरं सांगायचं तर त्यांचं फारसं चुकलंही नव्हतं. कॉम्प्युटरवरच्या मॉडेलमध्ये एका बाल्कनीचं रेलिंग बदललं की बाकीच्या बाल्कन्यांचं आपोआप बदलतं. अर्ध्या तासात होतं ते काम. पुढचं मात्र त्यांना दिसत नव्हतं आणि आम्हीही कधी दाखवलं नव्हतं.

पुण्यात आमचा चार माणसांचा स्टुडिओ आहे. अजून पाया न खणलेली इमारत पूर्ण झाल्यावर कशी दिसेल, त्याची चित्रं आणि छोट्या फिल्म आम्ही करतो. आर्किटेक्टकडून नकाशे येतात, त्यांवरून मॉडेल उभं करतो. आधी बिनरंगाचं, मातीच्या खेळण्यासारखं पांढुरकं चित्र पाठवतो, म्हणजे कॅमेरा कुठून बघणार हे ठरून जातं. मग दगड, काच, झाडं, ऊन. शेवटी रेंडर, म्हणजे उजेडाचा प्रत्येक किरण कुठे आदळून कुठे जातो याचा हिशेब कॉम्प्युटर करत बसतो ती पायरी. तिथे माणूस चहा प्यायला मोकळा असतो, पण यंत्र अडकलेलं असतं.

फिल्ममध्ये दर सेकंदाला २५ चित्रं लागतात. आमची फिल्म ६० सेकंदांची, म्हणजे १,५०० चित्रं. त्यांतल्या साधारण १,१०० चित्रांत बाल्कन्या दिसत होत्या. लोखंडी गज असताना एका चित्राला सात मिनिटं लागायची. काच आली की तिच्यातून आरपारही दिसायला हवं आणि समोरचं झाडही तिच्यात उमटायला हवं, म्हणून नऊ मिनिटं. अकराशे गुणिले नऊ म्हणजे १६५ तास. आमच्याकडे या कामाची यंत्रं दोनच. जवळपास साडेतीन दिवस ती अहोरात्र चालली आणि तेवढे दिवस दुसऱ्या कुणाचं काम त्यांच्यावर चढलं नाही.

काच आणखी एक खोड काढते. वेळ वाचवायला हिशेब थोडक्यात आटोपला, तर चित्रावर बारीक दाणे राहतात. एकट्या चित्रात ते पुसून टाकता येतात, कुणाला कळतही नाही. पण फिल्ममध्ये दर चित्रात दाणे वेगळ्या जागी असतात, त्यामुळे पुसल्यावरही काच थरथरल्यासारखी दिसते. म्हणून सगळं रेंडर लावण्याआधी सलग पन्नासेक चित्रं काढून ती पळवून पाहायची असतात. त्या वेळी घाईत आम्ही ते केलं नाही. पहिली रात्र वाया गेली ती आमच्या चुकीने, हेही सांगायला हवं.

एवढं करून दिल्यावर आठवड्याने नवा निरोप आला. रात्रीचं एक दृश्य हवं, फिल्म वीस सेकंदांनी वाढवा आणि गच्चीवर पोहण्याचा तलाव दाखवा.

मी त्याच रात्री पत्र लिहायला घेतलं. "आपण वारंवार बदल सुचवता" असं पहिलंच वाक्य होतं. सकाळी माझ्या भागीदारीणबाईंनी ते वाचलं आणि विचारलं, "वारंवार म्हणजे किती वेळा?" मला सांगता येईना. मग आम्ही दोघांनी सगळे निरोप काढले आणि तारखेनुसार वहीत उतरवले. एकूण नऊ निघाले. त्यांतले तीन बदल नव्हतेच, आमच्या चुका होत्या: नकाशा चुकीचा वाचल्याने मॉडेल बिघडलं होतं. उरलेल्या सहांपैकी चार करारातल्या दोन फेऱ्यांमध्ये बसत होते. खरं जादा काम दोनच वेळा झालं होतं, दर्शनी भागाचा रंग आणि ते रेलिंग. माझा राग नऊ बदलांचा होता, हिशेब दोनाचा निघाला. पत्राचा सूर तिथेच बदलला. व्हॉट्सअ‍ॅपवर न टाकता ते ईमेलने पाठवलं, ते असं:

"सप्रेम नमस्कार.

आपला २ मेचा निरोप मिळाला. ठरलेली चारही चित्रं आणि ६० सेकंदांची फिल्म १० मेपर्यंत आपल्या हाती देऊ. जिन्याची खिडकी आमच्याकडून एक फूट वर लागली आहे, ती याच रकमेत दुरुस्त करत आहोत.

बदलांच्या ठरलेल्या दोन फेऱ्या ९ एप्रिलला पूर्ण झाल्या. त्यानंतर दर्शनी भागाचा रंग आणि काचेचं रेलिंग हे दोन बदल आम्ही केले, त्यांचं बिल लावणार नाही. नवी तिन्ही कामं मात्र मूळ कामात धरता येणार नाहीत.

रात्रीचं दृश्य (१८ हजार रुपये) आणि फिल्मची वाढीव वीस सेकंदं (३० हजार रुपये) ही स्वतंत्र कामं म्हणून आनंदाने करू. जीएसटी वेगळा, निम्मी रक्कम आगाऊ, ती मिळाल्यापासून १२ दिवसांत काम पूर्ण. हे दर मेअखेरपर्यंत कायम राहतील.

गच्चीवरचा तलाव मंजूर नकाशात नाही, म्हणून तो दाखवू शकत नाही. सुधारित मंजुरी मिळाल्यास नकाशा पाठवावा, त्याचा खर्च कळवू.

आपला नम्र"

नकार पत्रात दोनदाच आला आहे, आणि दोन्ही वेळा त्याचं कारण मोजण्याजोगं आहे. कामाचा ताण, माणसं कमी, घरचं लग्न यातलं काही लिहिलं नाही, कारण अशा कारणांवर समोरचा उपाय सुचवतो: मग पुढच्या आठवड्यात करा! रात्रीच्या दृश्याला एवढे पैसे का, हेही पत्रात नव्हतं. ते फोनवर सांगितलं. दिवसाचं चित्र काळवंडलं की रात्र होत नाही. सूर्य जातो आणि त्याच्या जागी प्रत्येक दिवा हाताने लावावा लागतो. उजळलेल्या खिडकीआड पडदा, भिंत, एखादं कपाट तरी ठेवावं लागतं, नाहीतर इमारत रिकाम्या खोक्यासारखी दिसते.

तलावाची गोष्ट पैशांची नव्हतीच. मंजूर नकाशात गच्चीवर पाण्याची टाकी आणि सोलर पॅनेल होते. २०१६ च्या रेरा कायद्याचं कलम १२ सांगतं की जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या खोट्या माहितीवर विसंबून कुणी पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं, तर प्रवर्तकाने भरपाई द्यायची. ग्राहकाला व्यवहारातून बाहेर पडायचं असेल, तर सगळी रक्कम व्याजासह परत करायची. त्या कलमातली जबाबदारी बिल्डरची. पण तलाव आम्ही रंगवला असता आणि चित्र होर्डिंगवर लागलं असतं, तर ते पाहून घर घेणाऱ्याला खाली बारीक अक्षरात छापलेलं 'कलाकाराची कल्पना' दिसलं असतं का, याबद्दल मला शंका आहे.

पत्राची वेळही महत्त्वाची. काम करून झाल्यावर पैसे मागायला गेलो असतो, तर ते फुकट केलं नव्हतं हे आम्हालाच पटवून द्यावं लागलं असतं. भारतीय करार कायद्याचं कलम ७० अशा कामाचा मोबदला मिळवून देऊ शकतं, पण ते फुकट करण्याचा हेतू नव्हता, अशी त्यात अट आहे. आणि आम्ही तर दोन बदल गपचूप करून दिले होते. तिसऱ्या वेळी त्यांनी तीच अपेक्षा ठेवली, यात नवल काय?

दोन दिवस काहीच उत्तर आलं नाही. ते दोन दिवस आम्ही फोनकडे बघत काढले. चार माणसांच्या स्टुडिओत एक गिऱ्हाईक गेलं तर पुढच्या महिन्याच्या पगाराचं गणित हलतं. तिसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला. तलाव सोडा म्हणाले, फिल्म आहे तेवढीच राहू द्या, रात्रीचं दृश्य मात्र करा. आगाऊ नऊ हजार आणि त्यावरचा जीएसटी संध्याकाळी जमा झाला. फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "अहो, ते रेलिंग परत लोखंडी केलं तर किती लागतील?"

मी म्हटलं, "मेल करा साहेब, आकडा कळवतो."