आवाजाची साक्ष आणि ओळखीची कसोटी

2024 साली मुंबईतील एका वृद्ध गृहस्थांना फोन आला. आपण दुबईतील भारतीय दूतावासातून बोलत आहोत, तुमचा मुलगा अटकेत असून जामिनासाठी 80,000 रुपये तत्काळ भरावे लागतील, असे सांगून त्या इसमाने लगोलग ‘मुलालाच’ फोनवर घेतले. आणि वडिलांना हाक मारून सोडवण्याची विनवणी करणारा तो रडवेला आवाज ऐकताच बापाच्या मनातील सारे प्रश्न विरून गेले. रक्कम यूपीआयने रवाना झाली. नंतर त्यांनी मुलाला फोन लावला, तेव्हा तो सुखरूप असल्याचे उमगले.

ही हकिकत वाचल्यापासून या विषयाने मला झपाटले आहे. यंत्राची बाजू चार शब्दांत आटोपतो: समाजमाध्यमांवरील चित्रफितीतून आवाजाचा नमुना उचलायचा, प्रणालीला द्यायचा आणि हवे ते वाक्य त्या आवाजात वदवून घ्यायचे. 2023 च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी जाहीर केलेल्या व्हॅल-ई या प्रणालीला नमुना म्हणून अवघे 3 सेकंदांचे बोलणे पुरत होते.

माझे कुतूहल खरे आहे ते ऐकणाऱ्याच्या कानाविषयी. आपण माणूस ओळखतो तो त्याच्या स्वराची पट्टी, शब्दांची लकब आणि थांबण्याची रीत यांवरून. पण रडताना पट्टी चढते, श्वास तुटतो, वाक्ये अर्धवट राहतात, आणि ज्या खुणांवर ओळख उभी असते त्याच पुसट होतात. त्यात टेलिफोनची जुनी वाहिनी सुमारे 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच ध्वनिपट्टा वाहून नेते, त्यामुळे नकलेतील बारीक दोषही गाळले जातात. उरलेली पोकळी कान अपेक्षेने भरून काढतो. म्हणूनच ‘आवाज यंत्रासारखा वाटतो का, ते नीट ऐका’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला मला निरुपयोगी वाटतो.

आमच्या कळंब्यात मध्यवर्ती कारागृह आहे. तेथे बंदिवानाच्या मुलाखतीस आलेल्या नातलगाला ओळखपत्र दाखवावे लागते. ‘मी त्याचा बाप’ एवढ्या शब्दावर दरवाजा उघडत नाही. सरकारी रीतीचा हा रुक्षपणा आपण घरी थोडा उसना घ्यावा, असे माझे मत आहे. त्या मुंबईच्या फोनलाच कायदेशीर दृष्टीने तपासून पाहा: संयुक्त अरब अमिरातीतील आपला दूतावास अबुधाबीत आहे, दुबईत आहे तो महावाणिज्य दूतावास, आणि जामीन हा अधिकृत यंत्रणेच्या हुकुमाने होतो, कोणा अनोळखी इसमाच्या खात्यात रक्कम टाकून नव्हे. आवाज निर्दोष असला, तरी हकिकत सदोष होती.

मग ओळख पटवावी कशी? फोन ठेवावा आणि आपल्याकडे पूर्वीपासून असलेल्या क्रमांकावर त्या व्यक्तीला स्वतः फोन करावा. तिने उचलला नाही, तर तिच्या खोलीतील सोबत्याला किंवा कचेरीत विचारावे. हे मी शेजारच्या आक्कांना सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, “पोरगं रडतंय आन् म्या फोन ठिवू व्हय?” आक्षेप रास्त आहे. ठग ‘फोन ठेवू नका’ असे बजावतो तो नेमक्या याच मायेच्या भरवशावर. म्हणून फोन ठेवण्याचा करार घरात आधीच झालेला असावा. मग तो ठेवणे निष्ठुरपणाचे वाटत नाही.

परंतु मुलाचे व्हॉट्सॲप किंवा सिमच चोराच्या हाती गेले असेल, तर ओळखीच्या क्रमांकावरूनही चोरच बोलेल. अशा वेळी परवलीचा शब्द कामी येतो. तो समोरासमोर ठरवावा, संदेशात लिहू नये. जन्मगाव, आईचे माहेर, लाडके नाव हे सर्व वर्ज्य, कारण ते फोटोंखालच्या मजकुरात सापडते. शब्द आपण मागावा, सुचवू नये. ‘बंड्या बोलतोयस का?’ असे विचारणे म्हणजे चोराला नाव बहाल करणे.

चेहरा दिसला म्हणजे झाले, असेही मानू नये. 2023 साली केरळातील कोळिकोड येथे एका निवृत्त गृहस्थांकडे जुन्या सहकाऱ्याच्या नावाने उपचारांसाठी पैसे मागितले गेले. खातरजमेसाठी झालेल्या अल्पकाळच्या व्हिडिओ कॉलवर त्याचा चेहराही दिसला, आणि 40,000 रुपये गेले. पुन्हा मागणी आली तेव्हा त्यांना शंका आली. त्यांनी त्या सहकाऱ्याशी थेट संपर्क साधला आणि बिंग फुटले. चेहऱ्याने फसवलेल्या त्या गृहस्थांना शेवटी तारले ते स्वतः निवडलेल्या मार्गाने.

पैसे गेलेच, तर लाजेपायी रात्र दवडू नये. तत्काळ 1930 या क्रमांकावर कळवावे आणि cybercrime.gov.in येथे फिर्याद नोंदवावी. व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि समोरचे खाते यांचे टिपण हाताशी असावे. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वीच ती गोठवता येते, म्हणून येथे दिवसांपेक्षा मिनिटांचा हिशेब मोठा. दिवाळीला घरची मंडळी एकत्र जमतात, तेव्हा फराळ आटोपल्यावर परवलीचा शब्द ठरवून टाकावा, आणि घरातील सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीकडून तो एकदा मागवून घेण्याचा सरावही करावा.