उसाची पावती घेऊन बसा

ठिबक सिंचन विकणाऱ्यांचे व्हिडिओ हल्ली शेतकऱ्यांच्या मोबाइलवर रोज येऊन पडतात. उसाच्या फडापुढे टोपीवाले काका उभे असतात, शर्टाला माइक लावलेला असतो आणि ते म्हणतात, ‘ठिबक एक नंबर आहे, सर्व्हिस पण चांगली आहे, सगळ्या शेतकरी बांधवांनी बसवून घ्यावं.’ बघणारा पुढे सरकतो. काका खोटं बोलत नसतात. पण ‘एक नंबर’ म्हणजे किती, हे त्याला कळलेलं नसतं आणि त्याचा प्रश्न नेमका तोच असतो.

यात काकांचा दोष कमी आणि विचारणाऱ्याचा जास्त. ‘कसं वाटलं?’ असं विचारलं की माणूस चार चांगले शब्द बोलून मोकळा होतो. समोर कॅमेरा, बाजूला ओळखीचा दुकानदार. भिडेखातर दुसरं काय बोलणार? त्यामुळे ग्राहकाच्या अनुभवाच्या व्हिडिओत पहिलं काम प्रश्नांच्या कागदाचं. संहिता त्यानंतर, ग्राहकाच्याच वाक्यांतून बांधायची. बरेच लोक उलटं करतात. संहिता आधी लिहून ग्राहकाच्या हातात देतात आणि तो ती वाचतो. वाचलेलं वाक्य पाचव्या सेकंदाला ओळखू येतं.

समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सांगलीकडचा एक ठिबक विक्रेता आहे आणि त्याचे एक गिऱ्हाईक, त्यांना आबा म्हणू. दोन एकर ऊस, ठिबक बसवून एक पीक निघालेलं. चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी आबांना प्रश्न पाठवायचे नाहीत, कारण मग घरातली कॉलेजात जाणारी नात उत्तरं लिहून देते आणि आबा ती पाठ करतात. फक्त एक निरोप द्यायचा: ‘कारखान्याच्या वजनाच्या पावत्या, आधीच्या पिकाच्या आणि या पिकाच्या, आणि खताची बिलं काढून ठेवा.’ एवढ्यानं अर्धी मुलाखत होते. कागद हातात असला की माणूस अंदाजानं बोलत नाही.

पहिला प्रश्न ठिबकाचा नको, आधीच्या दिवसांचा हवा. ‘आबा, ठिबक नव्हतं तेव्हा पाण्याची पाळी आली की काय करायचात?’ मग आबा सांगतात, ‘लाईट रात्रीची. बाराला आली की बॅटरी घेऊन दारं धरायला जायचं. दोघं लागायचो, मी आणि पोरगा. एकराला आख्खी रात्र जायची.’ इथे विचारणाऱ्यानं गप्प बसावं, मान डोलवावी, लगेच पुढचा प्रश्न टाकू नये. चार-पाच सेकंद शांततेत गेले की आबा आपणहून म्हणतात, ‘एकदा पायाखाली साप आला होता.’ हे कुठल्याही संहितेत लिहून मिळालं नसतं.

मग, ‘आता शेवटचं पाणी कधी दिलं? सुरुवातीपासून सांगा.’ ‘आता पाणी कसं देता?’ असं विचारलं तर उत्तर ‘आरामात’ असं येतं. शेवटच्या वेळेचं विचारलं की वार, वेळ आणि तास येतात: ‘परवा सकाळी नवाला व्हॉल्व्ह फिरवला, अकराला बंद केला, मधे चहा घेऊन आलो.’ पाठोपाठ पैशाचा प्रश्न: ‘अनुदान वजा जाता पदरचे किती गेले? ते आले तेव्हा हातात होते का?’ विक्रेत्याला हा प्रश्न आवडत नाही. बघणारा मात्र त्याचीच वाट पाहत असतो.

आता टनाचा प्रश्न. इथेच बहुतेक व्हिडिओ घसरतात. आबा म्हणतात, ‘पूर्वी एकरी बेचाळीस टन, आता छप्पन्न.’ विक्रेत्याचे डोळे चमकतात, पडद्यावर मोठ्या अक्षरांत ‘१४ टन वाढ’ टाकायची त्याला घाई होते. थांबा. बेचाळीसचा ऊस कुठला होता? खोडवा असेल आणि छप्पन्नचा आडसाली असेल, तर तुलनाच चुकली. आडसाली रानात सोळा ते अठरा महिने उभा असतो. म्हणून विचारायचं: ‘दोन्ही लावणी कधीच्या? वाण तोच का? आणखी काय बदललं?’ आमच्या आबांच्या दोन्ही लावणी आडसाली, वाण तोच, को ८६०३२. पण शेवटच्या प्रश्नाला ते म्हणतात, ‘या वेळी कांडी नाही लावली, रोपं आणली. सरी साडेतीनऐवजी पाच फुटी केली.’ म्हणजे चौदा टनांचं सगळं श्रेय ठिबकाचं नाही.

हे वाक्य कापायचा मोह होतो. कापू नये. पाहणारा ऊसकरी असतो; रोपांनी आणि रुंद सरीनं फरक पडतो हे त्याला ठाऊक असतं, आणि ते लपवलं की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही त्याचा विश्वास उडतो. उलट पाण्याचे तास, रात्रीची जागरणं आणि खताची पोती हे ठिबकाचं थेट काम. जोर तिथे द्यावा.

एक प्रश्न तक्रारीचाही विचारावा: ‘त्रास कशाचा झाला?’ आबा सांगतात, ‘उंदरांनी नळ्या कुरतडल्या, फिल्टर आठवड्याला धुवावा लागतो, नाहीतर शेवटच्या सरीला पाणी पोचत नाही.’ व्हिडिओत दहा सेकंद याला द्यावेत.

विचारणाऱ्याचा आवाज शेवटी कापला जातो, म्हणून आबांना आधीच सांगावं की प्रश्न उत्तरात घेऊन बोला. नुसतं ‘दोन तास’ असं उत्तर तुटून पडतं. ‘आता एकराला दोन तास पाणी पुरतं’ हे एकटं उभं राहतं. विसरले तर ‘आबा, परत एकदा पूर्ण सांगता का?’ म्हणायला लाजू नये. पण वाक्य त्यांच्या तोंडात घालू नये.

अर्ध्या तासाच्या बोलण्यातून दीड मिनिट काढायचं. तेवढ्यात साधारण दोनशे शब्द मावतात. सगळं बोलणं कागदावर उतरवून आकडा किंवा प्रसंग असलेल्या वाक्यांखाली रेघ मारावी; बाकीचं स्तुतीचं पाणी आपोआप निथळतं. मग क्रम लावावा. सुरुवात रात्रीच्या दारं धरण्यानं, चित्रात मोटारीची पेटी. पुढे व्हॉल्व्हची सकाळ. मग पदरचे पैसे. मग दोन पावत्या शेजारीशेजारी, जवळून, आणि आवाज आबांचा: ‘रोपं, पाच फुटी सरी आणि ठिबक, तिन्ही मिळून छप्पन्न टन.’ शेवटी उंदीर आणि फिल्टर. ‘बांधवांनो, बसवून घ्या’ हे वाक्य आबांनी कितीही प्रेमानं म्हटलं, तरी संहितेत नको.

फुकट नळ्या किंवा सवलत देऊन आबांना बोलतं केलं असेल तर ते पडद्यावर लिहावं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबतच्या २०२२च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार शिफारस करणाऱ्याचं मत खरं, अनुभवावर आधारलेलं हवं आणि जाहिरातदाराशी असलेला व्यवहार उघड हवा. तयार व्हिडिओ आधी आबांना दाखवून त्यांची लेखी परवानगी घ्यावी.

आणि घाई करू नये. ठिबक बसवल्यावर महिन्याभरात कॅमेरा घेऊन गेलात तर नव्या नळ्यांचं कौतुकच मिळेल, कारण टनाचा आकडा तेव्हा जन्मालाच आलेला नसतो. जुलैतल्या आडसाली लावणीचा व्हिडिओ पुढच्या वर्षीच्या गाळप हंगामात, शेवटच्या गाडीची पावती हातात आल्यावर करा.