पाच ब्लाउज, एक पावती

लग्नसराईत ब्लाउज शिवणाऱ्या दुकानात कापडांचे गठ्ठे छतापर्यंत पोचतात, आणि त्यातला कोणता कुणाचा हे पावतीच्या नंबरावरूनच कळतं. तोच नंबर बिलबुकात, मापाच्या वहीत आणि कापडाला टाचलेल्या चिठ्ठीवर असतो. पावतीला कापडाचा छोटा तुकडा टाचला, की एकसारख्या दोन हिरव्या साड्यांचा घोळही टळतो.

मापाच्या वहीत छाती, कंबर, मुंढा, बाही, पुढचा-मागचा गळा हे आकडे येतातच. पण ते माप अंगावरून घेतलं की जुन्या ब्लाउजवरून, हे बऱ्याच ठिकाणी लिहायचं राहतं. अंगाच्या मापात कटिंग करताना थोडी ढील धरावी लागते. मापाच्या ब्लाउजमध्ये ती आधीच असते. त्यातही पुन्हा धरली, तर ब्लाउज सैल होणारच. मापाशेजारी ‘अंग’ किंवा ‘कपडा’ आणि तारीख, एवढं लिहिलं तरी पुरतं.

समजा, नवरीच्या आईने पाच ब्लाउज टाकले. चार अस्तराचे, प्रत्येकी ५०० रुपये; पैठणीवरचा पॅड लावलेला १००० रुपयांचा. एकूण ३०००, अॅडव्हान्स १५००. लग्न २८ तारखेला, डिलिव्हरी २२ला, ट्रायल १२ला. ट्रायलला एकच ब्लाउज तयार असतो. तो अंगात नीट बसला की उरलेले चार कापायचे. म्हणजे खरी तारीख ट्रायलची. बाई १२ऐवजी १७ला आल्या, तर पाच दिवस गेले ते दुकानाचे, पण २२ला दारात उभं राहून जाब विचारला जातो तो शिंप्यालाच! म्हणून ठरलेल्या तारखेशेजारी ट्रायल प्रत्यक्षात कधी झाली तेही लिहावं आणि नवी डिलिव्हरी तिथल्या तिथे ठरवून ग्राहकाच्या पावतीवरही टाकावी.

ट्रायलच्या वेळी बाईंनी पैठणीच्या ब्लाउजला लटकन आणि बाहीला लेस सांगितली. वाढीव २००. पुढे ५०० देऊन दोन ब्लाउज आधी नेले. इथेच हिशेब फिसकटतो, कारण ‘बाकी १५००’ खोडून त्यावरच नवा आकडा गिरवला जातो आणि आठवड्याने तो कशाचा हे दोघांनाही सांगता येत नाही. मूळ आकडा तसाच ठेवून वाढीव काम आणि मिळालेली रक्कम तारखेसह खाली एकेका ओळीत लिहिली, तर ३२००मधून २००० वजा होऊन १२०० बाकी सरळ दिसते. पैशांसोबत नगही लिहायचे: दोन गेले, तीन राहिले.

शेवटचे तीन न्यायला बहुतेकदा भाचा किंवा शेजारीण येते. पावती घरी राहिलेली असते. अशा वेळी नंबर आणि नग जुळवून, १२०० घेऊन, नेणाऱ्याची सही बिलबुकातल्या प्रतीवर घेतली जाते. उरलेलं कापडही त्याच पिशवीत जातं, कारण त्याची चौकशी करणारा फोन हमखास येतो.