‘सर्व नुकसान भरून देईन’ लिहिण्याआधी

दोन लाखांची वेबसाइट बनवताना तुमची चूक झाली, तर भारतीय करार कायद्याच्या कलम 73नुसार ग्राहकाला तोटा सिद्ध करावा लागतो; दूरान्वयाचा तोटा मिळत नाही. इंडेम्निटी दिली असेल, तर चित्र पालटतं. एखाद्या फोटोच्या कॉपीराइटवरून तिसऱ्याने ग्राहकावर दावा लावला, की कलम 125नुसार भरपाई, वकिलाचा वाजवी खर्च, रास्त तडजोडीची रक्कमही तुमच्याकडे मागता येते. देणं पक्कं झालं, की ग्राहकाने पैसे भरण्याआधीच तुम्हाला गाठता येतं, असं मुंबई उच्च न्यायालयाने 1942मध्ये परेळकर खटल्यात म्हटलं. खरा धोका ‘कोणत्याही कारणाने’ या शब्दांत आहे. मग फोटो ग्राहकानेच दिलेला असला, तरी वाद तुमच्या गळ्यात पडू शकतो. जबाबदारी स्वतःच्या चुकीपुरती आणि कामाच्या रकमेइतकीच लिहून घ्या, मगच सही करा.