बटणावरचे 180, आतले किती?

नानकटाईचा ट्रे बाहेर येतो. मागच्या रांगेतल्या कडेने करपलेल्या, दाराजवळच्या अजून पांढुरक्या. पीठ एकच मळलेले, तूप तेच, वेळही सगळ्यांना सारखाच. अशा वेळी बहुतेक घरांत कृतीला नाही तर करणाऱ्याच्या हाताला दोष दिला जातो. ओव्हनकडे संशयाने कोणी पाहत नाही. बटण 180 वर आहे ना, मग आत 180च असणार, असे सगळे धरून चालतात.

ते तसे असतेच असे नाही. घरगुती ओटीजीमधला थर्मोस्टॅट साधा असतो. ठरलेली उष्णता झाली की तो वीज तोडतो आणि गारवा आला की पुन्हा जोडतो. पण तो उष्णता मोजतो ती स्वतःच्या जागेची, म्हणजे बहुधा बटणांच्या बाजूच्या भिंतीजवळची. केक ठेवलेला असतो मधोमध. शिवाय वीज तुटली तरी तापलेले रॉड लगेच निवत नाहीत, त्यामुळे तापमान ठरलेल्या आकड्याच्या वर जाते. मग ते खाली उतरते आणि रॉड पुन्हा पेटतात. चांगल्या ओव्हनमध्येही ही वरखाली चालूच असते. म्हणून एका क्षणी दिसलेल्या आकड्यावर विसंबून चालत नाही, सरासरी काढावी लागते.

त्यासाठी ओव्हनमध्ये ठेवायचा तबकडीचा थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो. तो मधल्या जाळीवर, मधोमध, काचेतून वाचता येईल असा ठेवायचा. दार उघडून आकडा पाहिला तर गरम हवा बाहेर पडते आणि मोजणीच बिघडते. बटण 180 वर ठेवावे. दिवा पहिल्यांदा विझला की ओव्हन तयार झाला असे वाटते, पण तोवर फक्त हवा तापलेली असते, भिंती आणि ट्रे मागेच असतात. म्हणून आणखी वीस मिनिटे थांबावे आणि मग दर पाच मिनिटांनी सहा वेळा आकडा लिहून घ्यावा.

समजा आकडे आले 205, 190, 175, 200, 210 आणि 190. त्यांची बेरीज 1170, म्हणून सरासरी 195. हा ओव्हन पंधरा अंश जास्त तापतो. तेव्हा 180 हवे असेल तर बटण 165 च्या आसपास ठेवून पुन्हा एकदा मोजून पाहायचे. ब्रेड किंवा पिझ्झासाठी 220 लागत असेल तर तिथली मोजणी वेगळी करावी, कारण फरक सगळीकडे पंधराच राहील असे नाही. मायक्रोवेव्हलाच कन्व्हेक्शन जोडलेले असेल तर धातूचा थर्मामीटर फक्त कन्व्हेक्शनवरच वापरावा, मायक्रोवेव्ह चालू असताना कधीही नाही.

सरासरी बरोबर आली तरी नानकटाई एका बाजूने करपू शकते, कारण ओव्हनमधल्या काही जागा जास्त तापतात. दाराच्या काचेतून उष्णता जाते, म्हणून पुढची बाजू बहुधा थंड राहते. वरच्या जाळीवर रॉड अगदी जवळ येतो. या जागा शोधायला ब्रेड पुरतो. मधल्या जाळीवर पांढऱ्या ब्रेडचे तुकडे शेजारी शेजारी मांडून 180 वर भाजावे आणि काही तुकडे तांबूस झाले की जाळी जशीच्या तशी बाहेर काढून फोटो घ्यावा. जिथे काळपट, तिथे जास्त ताप. तो फोटो जपून ठेवण्यासारखा असतो. पुढे नानकटाई अर्धी भाजून झाल्यावर ट्रे फिरवता येतो. केकला मात्र घाई करू नये. मधला भाग धरायच्या आत दार उघडले तर तो बसतो, म्हणून दोन तृतीयांश वेळ उलटल्यावरच फिरवावा.

आता राहिली परदेशी कृती. अमेरिकेतल्या केकच्या कृतींमध्ये 350 हा आकडा सर्रास असतो. तो फॅरनहाइट. त्यातून 32 वजा करून पाचने गुणावे आणि नऊने भागावे: 318 गुणिले 5 भागिले 9, म्हणजे 177. घरच्या बटणावर त्याला 180 धरतात. घाईत निम्मे केले तरी चालते: 350 चे 175, आणि 400 चे 200, जे खरे 204 असते. 450 ला मात्र निम्म्याने 225 येतात आणि खरे 232 असतात, तिथे सूत्रच वापरावे. ब्रिटिश पुस्तकात ‘गॅस मार्क 4’ असेल तर तेही 180च.

फसगत होते ती वेगळ्याच जागी. ‘गडद रंगाच्या भांड्यात केक करताना ताप 25 अंश कमी करा’ असे अमेरिकन कृतीत लिहिलेले असते. हा तापमानाचा आकडा नाही, दोन तापमानांतला फरक आहे, म्हणून इथे 32 वजा करायचे नाहीत. 25 चे पाच नवमांश म्हणजे 14 अंश सेल्सिअस. पंखा चालू असेल तर साध्या ओव्हनसाठी दिलेल्या आकड्यातून आणखी 20 अंश सेल्सिअस कमी करायचे असतात.

एवढे झाले की आपल्या ओव्हनचे खरे आकडे एका कागदावर लिहून त्याच्या जवळ, पण गरम भिंतीपासून दूर, चिकटवावेत: 180 हवे तर बटण 165. आणि रॉड किंवा थर्मोस्टॅट बदलून घेतला, तर तो कागद फाडून पुन्हा मोजावे.