सोळाशेचे सहा सेकंद आणि लांब उडीची वीतभर वाळू

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींशी पहाटेच्या मैदानावर बोलायला लागलं की एक गोष्ट जाणवते. व्यायामात कोणी कमी पडत नाही. कमी पडतं ते नियमांचं ज्ञान. वेळ कशी मोजतात, संधी किती, गुण कसे पडतात, हे सारं सीनियर मुलांकडून ऐकलेलं असतं. ऐकीव माहितीत जुन्या भरतीचे नियम नव्या भरतीला चिकटलेले असतात, त्यामुळे महिनोन्‌महिने चुकीच्या गोष्टीवर घाम गाळला जातो. मी इथे दोनच प्रकार घेते, धावणं आणि लांब उडी, कारण सगळ्यात जास्त नुकसान होताना मी या दोन्हीत पाहिलं आहे.

“ग्राउंड सगळीकडे सारखंच असतं”

महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी 50 गुणांची आहे. पुरुषांना 1600 मीटर धावण्याचे 20, 100 मीटरचे 15 आणि गोळाफेकीचे 15 गुण. महिलांना 1600 ऐवजी 800 मीटर, बाकी विभागणी तीच. यात किमान निम्मे, म्हणजे 25 गुण मिळवावेच लागतात. पण 25 मिळाले म्हणजे लेखी परीक्षेला बोलावणं आलंच असं नाही. प्रवर्गनिहाय एका जागेमागे दहा उमेदवारच लेखीला जातात, त्यामुळे खरा कट-ऑफ बहुतेक ठिकाणी 25 च्या बराच वर असतो. आणि हे गुण तिथेच संपत नाहीत. लेखीच्या 100 मध्ये मिळवून 150 पैकी अंतिम यादी लागते.

याच मैदानावर सराव करणारी बरीच मुलं स्टाफ सिलेक्शन कमिशनची उपनिरीक्षक परीक्षा किंवा दिल्ली पोलीस, रेल्वे सुरक्षा दलाचे अर्जही भरतात. तिथे मैदानी चाचणी फक्त पात्रतेपुरती असते. उपनिरीक्षक परीक्षेत पुरुषांनी 1.6 किलोमीटर साडेसहा मिनिटांत धावायचं. सहा मिनिटांत धावलं तरी एकही गुण जास्त नाही. त्यामुळे ‘चांगली तयारी’ या शब्दाचा अर्थ दोन्हीकडे वेगळा होतो. शिपाई भरतीत प्रत्येक सेकंद मिळवायचा असतो, पात्रता चाचणीत फक्त चुकायचं नसतं.

लांब उडीचा घोळही इथूनच सुरू होतो. शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत पूर्वी लांब उडी आणि पुलअप्स होते. 2019 च्या बदलांत ते गेले. तरी आजही काही मुलं फक्त शिपाई भरतीसाठी वाळूत उड्या मारत बसतात आणि गोळा मात्र हातात धरत नाहीत. वर सांगितलेल्या केंद्रीय भरत्यांना मात्र लांब उडी आजही आहे.

“दोन-तीन सेकंदांनी काय बिघडतं?”

शिपाई भरतीत 1600 मीटरचे गुण पायऱ्यांनी उतरतात. 5 मिनिटं 10 सेकंद किंवा त्याआत आलात तर पूर्ण 20, ज्याला मुलं ‘आउट ऑफ’ म्हणतात. त्यापुढे 5:30 पर्यंत 18, 5:50 पर्यंत 16, 6:10 पर्यंत 14. याचा अर्थ 5:12 आणि 5:29 यांचे गुण सारखेच, पण 5:29 आणि 5:31 यांच्यात दोन गुणांचा फरक. एखाद्याची वेळ 5:33 येत असेल तर त्याला तीन सेकंदांची गरज आहे. 5:15 येत असेल तर पाच सेकंदांची. 5:26 वाल्यासाठी मात्र वरची पायरी सोळा सेकंद लांब आहे; त्याने तो वेळ गोळ्याला द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

हे तीन सेकंद कुठून येतात? पुष्कळदा दमातून नाही, रेषेतून. 400 मीटरच्या ट्रॅकवर चार राऊंड म्हणजे 1600 मीटर, पण ते अंतर सगळ्यात आतल्या लेनमध्ये आतल्या कडेलगत धावलं तरच. दुसऱ्या लेनमधून धावलात तर वळणावर तुमच्या वर्तुळाची त्रिज्या 1.22 मीटरने वाढते. दोन्ही वळणं मिळून एक पूर्ण वर्तुळ होतं, म्हणून दर राऊंडला साधारण साडेसात मीटर आणि चार राऊंडला तीस मीटर जास्त पळावं लागतं. सेकंदाला पाच मीटरच्या वेगाने हे सहा सेकंद झाले. वर सांगितलेला 5:33 वाला मुलगा गर्दी टाळायला चारही राऊंड दुसऱ्या लेनमधून धावला असेल, तर त्याने प्रत्यक्षात 5:27 ची ताकद लावली आणि गुण मात्र 16 घेतले. 800 मीटरला दोनच राऊंड असल्यामुळे मुलींचं हे नुकसान साधारण तीन सेकंदांचं होतं, पण त्यांच्या वरच्या पायऱ्या दहा-दहा सेकंदांच्या असल्याने ते तितकंच बोचतं.

म्हणून पुढच्याला ओलांडायचं ते सरळ पट्ट्यात, वळणावर नाही. वळणावर त्याच्या पाठीमागे आत राहायचं. पहिला राऊंड उसळून पळणाऱ्या घोळक्यात ही शिस्त पाळणं कठीण असतं हे मला माहीत आहे. त्यासाठी प्रत्येक राऊंडचा आकडा पाठ असावा: 5:10 साठी साडेसत्त्याहत्तर सेकंद, 5:30 साठी साडेब्याऐंशी. पहिला राऊंड सत्तर सेकंदांत गेला तर चौथा नव्वदवर जाण्याची भीती असते.

“चिप लावली म्हणजे चूक होऊच शकत नाही”

अलीकडच्या भरत्यांत धावण्याची वेळ आरएफआयडी चिपने घेतात. चिपमध्ये स्वतःची बॅटरी नसते. मैदानावरचा अँटेना रेडिओ लहर सोडतो, त्या लहरीवर चिप जागी होते आणि आपला क्रमांक परत पाठवते. रेषा ओलांडल्याची नोंद म्हणजे हा क्रमांक आणि त्या क्षणाची वेळ. मानवी शरीरात पाणी भरपूर, आणि या लहरी पाण्यात शोषल्या जातात. म्हणून चिप असलेला चेस्ट नंबर दुमडला, हाताने दाबला किंवा शर्टात खोचला तर नोंद हुकू शकते. घोळक्याने एकत्र रेषा ओलांडतानाही ते होऊ शकतं. कॅमेऱ्याचं चित्रीकरण ठेवण्यामागे हे एक कारण आहे. चिप जिथे आणि जशी लावून दिली तिथे आणि तशीच राहू द्यावी.

दुसरा प्रश्न असतो वेळ सुरू कधी होते याचा. एक पद्धत अशी की बंदूक किंवा शिट्टी वाजली की संपूर्ण बॅचचं घड्याळ सुरू होतं. दुसरीत प्रत्येकाची चिप सुरुवातीची रेषा ओलांडते तेव्हा त्याचं वेगळं घड्याळ सुरू होतं. पहिल्या पद्धतीत मागच्या ओळीत उभं राहणाऱ्याचे दोन-तीन सेकंद रेषेपर्यंत पोहोचण्यातच जातात. दुसरीत ते वाचतात. धावण्याआधी सूचना देतात तेव्हा हे विचारायला लाजू नये. पहिली पद्धत असेल तर पुढच्या ओळीत जागा धरणं हा स्पर्धेचाच भाग आहे.

“सरावात 12.3 येतात, भरतीत पण तेच येतील”

100 मीटरला पुरुषांना 11.50 सेकंदांपर्यंत 15 गुण, 12.50 पर्यंत 12, 13.50 पर्यंत 10. तालुक्याच्या मैदानावर मित्र शेवटच्या रेषेशी मोबाइलचं घड्याळ धरून उभा असतो. सुरुवातीला शिट्टी वाजते. आवाजाला 100 मीटर पार करायला सेकंदाचा जवळपास तीन दशांश भाग लागतो. तो ऐकून बोट दाबायला आणखी थोडा वेळ जातो. शेवटी मात्र धावणारा येताना दिसत असतो, त्यामुळे बोट बरोबर वेळेवर किंवा किंचित आधीच पडतं. हातघड्याळ आणि स्वयंचलित घड्याळ यांत एरवीही पाव सेकंदाचा फरक धरतात. आवाजाची भर पडली की तो अर्ध्या सेकंदापर्यंत जातो. म्हणजे सरावातले 12.3 हे खरे 12.8 असू शकतात, आणि समजून चाललेल्या 12 गुणांच्या जागी 10 पडतात. मुलाला वाटतं की भरतीच्या दिवशी आपण घाबरलो.

यावर उपाय सोपा आहे. सुरुवात करून देणाऱ्याने शिट्टीबरोबर हात झटकन खाली आणावा आणि घड्याळवाल्याने आवाज न ऐकता हात पाहून बटण दाबावं. त्यानंतरही आलेल्या वेळेत पाव सेकंद मिळवूनच हिशोब करावा.

“मी चार मीटर मारतो, मला 3.65 काय जड आहे?”

उपनिरीक्षक परीक्षेत पुरुषांना 3.65 मीटर आणि महिलांना 2.7 मीटर उडी लागते, संधी तीन. रेल्वे सुरक्षा दलाच्या शिपायाला पुरुषांसाठी 14 फूट, म्हणजे 4.27 मीटर, आणि संधी दोनच. धावण्याला मात्र दोन्हीकडे एकच संधी. तीन संधींची सरासरी काढत नाहीत, एक उडी वैध आणि पुरेशी झाली की काम झालं. पण फाऊल झालेली उडी संधी म्हणून मोजली जाते, ती परत मिळत नाही.

उडी मोजतात कुठून? इथे सर्वांत जास्त मुलं फसतात. अंतर पाय जिथून उचलला तिथून मोजत नाहीत; टेक-ऑफच्या रेषेच्या वाळूकडील कडेपासून मोजतात. आणि मोजतात ते टाचेपर्यंतच असं नाही, तर शरीराच्या कुठल्याही भागाने वाळूत केलेल्या, रेषेला सर्वांत जवळच्या खुणेपर्यंत. मागे टेकलेला हात किंवा बसलेलं ढुंगण, दोन्ही धरलं जातं.

समजा एका मुलाची पायापासून टाचेपर्यंतची उडी 3.90 आहे. पहिल्या संधीत तो जोरात आला आणि बोटं रेषेच्या दोन सेंटीमीटर पुढे पडली: फाऊल. दुसऱ्यात घाबरून त्याने रेषेच्या 35 सेंटीमीटर मागूनच उडी घेतली, मोजलं 3.55, नापास. तिसऱ्यात पाय रेषेच्या फक्त दहा सेंटीमीटर मागे पडला, पण उतरल्यावर तोल मागे गेला आणि हात टाचेच्या वीस सेंटीमीटर मागे टेकला. मोजलं 3.60. तिन्ही वेळा पायांची ताकद पुरेशी होती, तरी तो बाहेर पडला.

वाळूतून परत मागे चालत येण्यानेही वैध उडी जाते. खड्ड्यातून बाहेर ठेवलेलं पहिलं पाऊल आपल्या खुणेपेक्षा रेषेपासून लांब असलं पाहिजे, म्हणून पुढे किंवा बाजूला निघावं. कोलांटीउडी मारून उतरणंही नियमाबाहेर आहे.

या मुलाने पहिल्याच संधीला पायाची जागा रेषेच्या पंधरा सेंटीमीटर मागे धरली असती तर 3.75 झाले असते, दहा सेंटीमीटर शिल्लक ठेवून पास. पात्रता चाचणीत पहिली उडी अशीच सुरक्षित मारायची असते. त्यासाठी धावपट्टीची लांबी स्वतःच्या पावलांनी मोजून पाठ करावी लागते. ती उलटी मोजणं सोपं: टेक-ऑफवर उभं राहून वाळूकडे पाठ करून धावत सुटायचं आणि अकरावं किंवा तेरावं पाऊल कुठे पडतं ते पाहून तिथे खूण करायची. पाच-सहा वेळा केलं की खूण स्थिर होते. पावसाने धावपट्टी ओली असेल तर पाऊल आखूड पडतं आणि पाय रेषेच्या मागे राहतो, तेव्हा खूण थोडी पुढे घ्यावी लागते. भुसभुशीत मातीवरही तसंच. भरतीच्या मैदानाची माती तुमच्या ओळखीची नसणार. म्हणून सरावातही कधी कोरड्या, कधी ओल्या, कधी सैल मातीवर आपलं पाऊल किती आखडतं ते टेपने मोजून वहीत लिहून ठेवावं.