षट्कोनी प्रिझमचा एक प्रॉब्लेम आणि चार सराव-पत्रिका

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला ग्राफिक्सच्या तासाला सॉलिडच्या प्रोजेक्शनचा एखादा प्रॉब्लेम फळ्यावर पूर्ण होतो आणि विद्यार्थी तो वहीत उतरवून घेतात. उतरवलेली आकृती बरोबर असते, पण ती काढताना शिक्षकांनी कोणत्या क्षणी काय ठरवले, हे कागदावर राहत नाही. सराव-पत्रिका या निर्णयांभोवती बांधायची असते. ज्या ठिकाणी विद्यार्थ्याने विचार करायला हवा तो व्ह्यू कोरा ठेवायचा आणि त्यासाठी लागणारे बाकी सगळे छापून द्यायचे.

नेहमीचा एक प्रॉब्लेम पाहू. षट्कोनी प्रिझम, तळाची बाजू ३० मिमी, अक्ष ७० मिमी. तळाची एक कड एचपीवर टेकलेली आहे, अक्ष एचपीशी ३० अंशांचा कोन करतो आणि व्हीपीला समांतर आहे. भारतात फर्स्ट अँगल पद्धत वापरतात. त्यामुळे फ्रंट व्ह्यू एक्स-वाय रेषेच्या वर आणि टॉप व्ह्यू खाली येतो. शिक्षक हा प्रॉब्लेम दोन टप्प्यांत सोडवतात. आधी प्रिझम एचपीवर सरळ उभा करतात, मग कलता करतात.

पहिला निर्णय सरळ उभ्या टप्प्यातच होतो. पुढे जी कड टेकणार आहे ती टॉप व्ह्यूमध्ये एक्स-वाय रेषेला लंब असायला हवी. म्हणून पहिल्या पत्रिकेवर फक्त तळाची एक बाजू छापावी आणि षट्कोन विद्यार्थ्याला पूर्ण करू द्यावा. त्यावरून प्रोजेक्टर वर नेऊन फ्रंट व्ह्यू काढायचा. समोरासमोरच्या दोन बाजूंमधले अंतर सुमारे ५२ मिमी येते, म्हणजे फ्रंट व्ह्यू ५२ बाय ७० चा आयत होतो आणि मधल्या एका उभ्या रेषेने त्याचे दोन सारखे भाग पडतात. कोणाच्या आयताची रुंदी ६० मिमी भरली आणि आत एका ऐवजी दोन रेषा आल्या, तर त्याने बाजू एक्स-वायला समांतर ठेवली आहे. असा प्रिझम कलवला तर तो कडेवर न टेकता कोपऱ्यावर टेकेल. अपेक्षित रुंदी पत्रिकेच्या मागे छापलेली असली की ही चूक विद्यार्थ्याला स्वतःच सापडते.

दुसऱ्या पत्रिकेवर पहिल्या टप्प्याचे दोन्ही व्ह्यू तयार द्यावेत आणि कलता फ्रंट व्ह्यू कोरा ठेवावा. आयत तोच राहतो, फक्त उजवा खालचा कोपरा एक्स-वायवर ठेवून तो उजवीकडे कलवायचा. सर्वात जास्त गोंधळ इथेच होतो. प्रॉब्लेममध्ये ३० अंश दिलेले असतात ते अक्षाचे, पण विद्यार्थी तळाची रेषा ३० अंशांवर ठेवतात. अक्ष तळाला लंब असल्यामुळे तळाचा कोन ६० अंश हवा. बरोबर आकृतीत सर्वात उंच बिंदू एक्स-वायपासून ८० मिमी वर असतो आणि आडवी लांबी जवळजवळ ८७ मिमी भरते. कोन उलटा घेतला की हेच आकडे अदलाबदल होऊन येतात, उंची ८७ आणि लांबी ८०. पट्टी लावली की चूक लगेच कळते, म्हणून पत्रिकेवर या दोन मापांसाठी रिकाम्या चौकटी ठेवाव्यात.

तिसरी पत्रिका या संचाचे खरे काम करते. कलता फ्रंट व्ह्यू छापलेला असतो, टॉप व्ह्यूची जागा कोरी असते, आणि फिकट प्रोजेक्टर तेवढे दिलेले असतात. फ्रंट व्ह्यूमधून सहा उभ्या रेषा खाली येतात आणि पहिल्या टॉप व्ह्यूमधून चार आडव्या रेषा उजवीकडे जातात. त्या एकमेकींना चोवीस ठिकाणी छेदतात. प्रिझमचे कोपरे बारा, तेव्हा अर्धे छेदबिंदू निरुपयोगी असतात. कोणते घ्यायचे हे फक्त नावांवरून कळते. तळाचे कोपरे १ ते ६ आणि वरच्या तोंडाचे ए ते एफ अशी नावे पहिल्या टप्प्यापासून प्रत्येक बिंदूला दिलेली हवीत. फ्रंट व्ह्यूमध्ये मागचा आणि पुढचा असे दोन कोपरे एकाच ठिकाणी येतात, तिथे दोन्ही नावे लिहायची. नाव गाळले की विद्यार्थी चुकीचा छेदबिंदू जोडतो आणि षट्कोन पिळवटल्यासारखा दिसतो.

बारा बिंदू मिळाले की कोणती रेषा ठळक आणि कोणती डॉटेड हे ठरवायचे. आधी बाहेरची सीमा काढावी. मग वरून पाहताना पूर्ण दिसणारे वरचे तोंड काढावे. तळ खाली झुकलेला आहे, म्हणून टेकलेली कड आणि तिला जोडलेल्या तळाच्या दोन बाजू डॉटेड येतात. टेकलेल्या कडेपासून निघणाऱ्या दोन लांब कडाही वरून दिसत नाहीत. पण या प्रॉब्लेममध्ये त्या वरच्या दोन लांब कडांच्या बरोबर खाली येतात, म्हणून बहुतेक लांबीभर त्यांच्यावर ठळक रेषाच पडते. डॉटेड भाग उरतो तो फक्त वरच्या तोंडाच्या आत, सुमारे २६ मिमीचा. फळ्यावर हा तपशील हात फिरतो त्या वेगाने निघून जातो. पत्रिकेवर मात्र त्या जागेजवळ ‘इथे रेषा कोणती?’ असा छोटा प्रश्न ठेवता येतो.

चौथ्या पत्रिकेवर प्रोजेक्टरही नसतात. प्रॉब्लेमचे वाक्य आणि एक्स-वाय रेषा एवढेच छापायचे. दोन्ही पत्रिकांमधला फरक एका आधाराचाच राहावा, म्हणजे विद्यार्थी अडला तर नेमका कशावाचून अडला ते कळते.

पत्रिका तयार करताना उलट्या बाजूने सुरुवात करावी. आधी पूर्ण उत्तर कॅडमध्ये काढायचे आणि दिलेले व्ह्यू, प्रोजेक्टर, नावे, उत्तर यांना वेगवेगळे लेयर द्यायचे. मग जो लेयर बंद तो व्ह्यू कोरा. एकाच फाइलमधून चारही पत्रिका आणि उत्तरपत्रिका निघतात आणि त्यांची मापे आपसांत जुळतात. छापताना Fit to page निवडले तर आकृती थोडी आकसते आणि ५२ मिमीची रुंदी पट्टीवर ५० च्या आसपास दिसते. बरोबर काढलेले उत्तर मग चुकीचे वाटू लागते. म्हणून Actual size निवडावे आणि पानाच्या कोपऱ्यात १०० मिमीची एक रेषा छापून ती आधी मोजून पाहावी.

अक्ष व्हीपीशीही कललेला असेल तर तिसरा टप्पा लागतो. टॉप व्ह्यू जसाच्या तसा फिरवायचा आणि उंची आधीच्या फ्रंट व्ह्यूमधून घ्यायची. त्यासाठी वेगळे पान आणि एक वेगळा प्रश्न हवा, की दिलेला कोन अक्षाच्या टॉप व्ह्यूचा आहे की खुद्द अक्षाचा? टॉप व्ह्यूचा असेल तर ४५ अंश थेट मोजायचे. खुद्द अक्षाचा असेल तर टॉप व्ह्यू ४५ नव्हे, जवळपास ५५ अंशांवर ठेवावा लागतो, कारण ७० मिमीचा अक्ष टॉप व्ह्यूमध्ये आखडून ६०.६ मिमी झालेला असतो. अक्षाचे एचपी आणि व्हीपीशी असलेले खरे कोन मिळून ९० अंशांपेक्षा जास्त होऊ शकत नाहीत. म्हणून ३० बरोबर ७० दिलेला प्रॉब्लेम पत्रिकेवर छापण्याआधीच काढून टाकावा. त्याचे उत्तर निघतच नाही.